एक आडनाव, तीन स्पेलिंग: Chavan, Chavhan की Chauhan? घरात एकच कसं ठरवायचं?

सख्ख्या भावांची नावं मराठीत लिहिली तर आडनाव तेच, आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवली तर इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळं. महाराष्ट्रात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. सूर्यवंशी Suryavanshi असतात आणि Suryawanshi पण. जाधव बहुतेक ठिकाणी Jadhav, पण विदर्भात Jadhao. चौधरींच्या तर किती तऱ्हा आहेत ते चौधरींनाच विचारा.

एरवी यावर हसून विषय संपतो. वडील गेल्यावर बँकेत वारसांची कागदपत्रं द्यायची असतात, भावाच्या जात प्रमाणपत्राच्या आधारावर आपली पडताळणी करायची असते किंवा मुलाचा पासपोर्ट काढायचा असतो, तेव्हा मात्र खिडकीपलीकडचा माणूस विचारतो, "हे तुमचे सख्खे भाऊ ना? मग आडनाव वेगळं कसं?"

मग कोणीतरी घरच्या ग्रुपवर टाकतं की आता सगळ्यांनी एकच स्पेलिंग करून घेऊ. विचार चांगला आहे, पण तो जसाच्या तसा अमलात आणला तर गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो. कसा, ते चव्हाण या एकाच आडनावावर बघू.

चव्हाणचं Chavan झालं कसं?

चव्हाण या शब्दातल्या तीन गोष्टी रोमन लिपीत नीट उतरत नाहीत. पहिली 'व्ह'. ते कोणी v लिहितं, कोणी vh, कोणी wh. दुसरी 'आ'. इंग्रजीत अ आणि आ दोन्हींसाठी a हेच अक्षर वापरायची सवय आहे. तिसरी 'ण'. न आणि ण दोन्ही n. त्यामुळे Chavan, Chavhan आणि Chawhan यांपैकी एकही चूक नाही आणि एकही अचूक नाही.

यशवंतराव, शंकरराव, अशोक आणि पृथ्वीराज हे महाराष्ट्राचे चारही चव्हाण मुख्यमंत्री Chavan असंच लिहीत आले, म्हणून ते रूप डोळ्यांना ओळखीचं वाटतं, इतकंच. इंग्रज अधिकाऱ्यांच्या कानाला जे ऐकू आलं त्यावरून शिंदेंचं Scindia आणि गायकवाडांचं Gaekwad कागदावर आलं, ते तर संस्थानिक होते. आपल्या घरातलं स्पेलिंग ठरवलं ते बहुतेक वेळा शाळेतल्या क्लार्कनं.

मराठी माध्यमाच्या शाळेत पहिलीला प्रवेश घेताना जनरल रजिस्टरला नाव देवनागरीत लिहिलं जायचं. इंग्रजी स्पेलिंगची पहिली खरी गरज पडायची दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मला. त्या वर्षी फॉर्म भरणाऱ्या गुरुजींनी जे लिहिलं, ते प्रमाणपत्रावर आलं आणि पुढे पॅन, पासपोर्ट, नोकरी सगळीकडे तेच चाललं. दोन भावांमध्ये चार वर्षांचं अंतर असेल तर मधल्या काळात क्लार्क बदललेला असायचा.

आधारनं यात आणखी एक वळण दिलं. तिथे नाव इंग्रजीत टाइप केलं की मराठी रूप सॉफ्टवेअर सुचवतं. Chavan टाइप केल्यावर समोर 'चवन' किंवा 'चावन' येऊ शकतं. ऑपरेटरनं ते दुरुस्त केलं नाही आणि आपण पावती वाचली नाही, तर चव्हाण मराठीतसुद्धा चव्हाण राहत नाही. इंग्रजीत जाताना गळलेली अक्षरं परत येताना सापडत नाहीत.

हा मराठीतला बिघाड इंग्रजी स्पेलिंगपेक्षा जास्त महाग पडतो. सातबारा, फेरफार, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जात पडताळणीत द्यायची वंशावळ हे सगळं देवनागरीत असतं. तिथे Chavan की Chavhan हा प्रश्नच नसतो. तिथे प्रश्न 'चव्हाण' आणि 'चौहान' एकच का, हा असतो. चव्हाण हे आडनाव एकापेक्षा जास्त समाजांत आहे, त्यामुळे पडताळणी करणाऱ्यानं असा फरक दिसल्यावर थांबणं स्वाभाविक आहे.

एका घराचं उदाहरण

पुढचं कुटुंब कल्पनेतलं आहे, पण यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या घरात घडलेली असते. आजोबांच्या सातबाऱ्यावर 'चव्हाण'. त्यांना तीन मुलगे.

थोरले आप्पा गावी शेती करतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर Chavan, आधारवरही Chavan, पण आधारच्या मराठीत 'चवन'. त्यांचा मुलगा तीस वर्षांचा आहे. पदवी, पॅन, आधार सगळीकडे Chavan आणि फक्त ड्रायव्हिंग लायसन्सवर Chavhan. त्याच्या बायकोला सातवा महिना आहे.

मधले तात्या सरकारी नोकरीत नागपूरला असतात. सेवापुस्तकापासून बँकेपर्यंत सगळीकडे Chavhan. मुलगी इंजिनिअर, तीही सगळीकडे Chavhan. मुलगा नववीत. शाळेत Chavhan, पण आधार गावी काढलं होतं, त्यावर Chavan.

धाकटे नाना सैन्यातून निवृत्त झाले. भरतीच्या वेळी हिंदी भाषक क्लार्कनं ओळखीचं रूप लिहिलं, Chauhan. तेच सर्व्हिस रेकॉर्डमध्ये, तेच पेन्शनच्या कागदावर, आणि आधारच्या मराठीत 'चौहान'. मुलगी अकरावीत आहे, तिच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर Chauhan आलेलं आहे. मुलगा सहावीत, शाळेच्या रजिस्टरला 'चौहान'.

घरात ठरवायला बसण्याआधी एक काम करायचं. कागदावर आडव्या रकान्यात माणसं आणि उभ्या रकान्यात जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, पासपोर्ट असं लिहायचं. प्रत्येक चौकटीत त्या कागदावर जे छापलंय ते अक्षरन् अक्षर उतरवायचं, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. आठवणीवर विसंबायचं नाही, कागद समोर ठेवायचा. 'माझं सगळीकडे एकच आहे' असं छातीठोक सांगणाऱ्याचंच लायसन्स वेगळं निघतं.

हा तक्ता झाला की दोन वेगळे प्रश्न दिसायला लागतात. एक, एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन स्पेलिंग. दोन, दोन माणसांची दोन स्पेलिंग. आपण चिडतो दुसऱ्यावर, अडतो मात्र बहुतेक वेळा पहिल्यावर. पॅन आणि आधार जोडताना, पीएफ काढताना किंवा पासपोर्टच्या पडताळणीत यंत्रणा त्या माणसाची नावं एकमेकांशी ताडून बघते. चुलत भावाचं स्पेलिंग तिला माहीतही नसतं.

कोणतं निवडायचं?

उच्चाराला जवळचं कोणतं यावर वाद घालत बसलात तर दिवाळी उजाडेल. (अंकशास्त्रासाठी एक जादा a जोडायचा आग्रह धरणारा एखादा नातेवाईकही असतो. त्याला चहा द्यावा.) व्यवहारात निकष एकच ठेवावा: जे कागद बदलणं सगळ्यात अवघड आहे, त्यांच्यावर कोणतं रूप जास्त वेळा आलंय?

सगळ्यात अवघड म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र आणि पदवी. शाळा सोडल्यानंतर तिथल्या नोंदीत फक्त उघड लेखनिकी चूक दुरुस्त होण्याची शक्यता असते, आणि Chavhan ही चूक होती हे सिद्ध कसं करणार? त्यानंतर सेवापुस्तक, सैन्याचं रेकॉर्ड आणि व्हिसा लागलेला पासपोर्ट. परदेशात स्थायिक झालेला चुलत भाऊ असेल तर तिथले कागद तो बदलणार नाही, हे गृहीत धरावं. पॅन, बँक, लायसन्स हे त्या मानानं सोपे, म्हणून त्यांची गणती करायची नाही.

आपल्या उदाहरणात आप्पांच्या घरात Chavan पक्कं आहे, पुढचं बाळ तिथेच येणार आहे, आणि तेच रूप सगळ्यांना ओळखीचं आहे. तेव्हा ठरलं: इंग्रजीत Chavan, मराठीत चव्हाण.

आता कोणी काय बदलायचं?

इथे बहुतेक घरं घाई करतात. 'ठरलं' म्हणजे उद्यापासून सगळ्यांनी आधार केंद्रावर रांग लावायची, असं नाही. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातली एक संधी हौसेखातर खर्च केली आणि पुढे लग्नानंतर किंवा खऱ्या चुकीसाठी लागली, तर हात बांधलेले राहतात.

तात्या आणि त्यांची मुलगी यांनी काहीच करू नये. दोघांचेही सगळे कागद आपापसात जुळतात. Chavhan राहिल्यानं त्यांचं काही अडत नाही. Chavan केलं तर पदवी एका नावाची आणि पॅन दुसऱ्या नावाचं अशी, आज नसलेली अडचण तयार होईल.

तात्यांच्या मुलाचं काय? त्याच्या आधारवर योगायोगानं Chavan आहे, म्हणजे घराचं नवं स्पेलिंग. शाळेतच ते करून घेऊ असं वाटेल. पण त्याचे वडील आणि बहीण Chavhan आहेत. बाप Chavhan आणि मुलगा Chavan अशी जोडी पासपोर्टला, व्हिसाला, शिष्यवृत्तीला प्रत्येक वेळी समजावून सांगावी लागते. तात्या स्वतःचं नाव बदलणार नसतील, तर मुलाचं आधार शाळेप्रमाणे Chavhan करून घेणं बरोबर. म्हणजे घराचं स्पेलिंग ठरल्यावर पहिलाच बदल उलट्या दिशेनं झाला. हे विचित्र दिसतं, पण शहाणपणाचं आहे. आडनाव बदलताना आधी आईवडील, मग मूल, हा क्रम मोडू नये. तो मुलगा मोठा झाल्यावर, स्वतःचं मूल होण्याआधी, Chavan करू शकेल. त्याला वाटलं तर.

त्याच्या बाबतीत वेळेचाही प्रश्न आहे. पुढच्या वर्षी दहावीचा फॉर्म. बोर्डाच्या फॉर्मनंतर शाळेत प्री-लिस्ट येते, म्हणजे छापून येणाऱ्या नावांची तपासणीची यादी, आणि ती विद्यार्थ्याकडून तपासून घेतात. पोरं ती मित्राशी बोलत बोलत सही करून देतात. त्या दिवशी मुलाच्या हातात बरोबर स्पेलिंग लिहिलेली चिठ्ठी द्या आणि आधारशी ताडून बघायला सांगा. ही संधी गेली की पुढची सगळी प्रमाणपत्रं तीच चूक घेऊन येतात.

आप्पांच्या मुलाला फक्त लायसन्स दुरुस्त करायचंय. आप्पांना आधारचं मराठी 'चवन' चं 'चव्हाण' करून घ्यायचंय. केंद्रावर दुरुस्तीची पावती मिळते, तीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी वाचूनच होकार द्यायचा. चष्मा घरी विसरला असेल तर त्या दिवशी परत यावं.

नानांचं प्रकरण

खरं काम नानांकडे आहे. Chauhan हे इंग्रजीत वाचणारा मराठीत 'चौहान'च लिहिणार, दर वेळी. म्हणून नानांनी आधी मराठी सांभाळावं. सहावीतल्या मुलाचं नाव तो शाळेत आहे तोवर बदलणं शक्य असतं. मुख्याध्यापकांकडे अर्ज करायचा, सोबत आजोबांचा सातबारा, नानांचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला, ज्यावर 'चव्हाण' आहे, हे जोडायचं. शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो आणि मंजुरीनंतर रजिस्टरला नोंद होते. पोर दहावी होऊन बाहेर पडलं की हाच अर्ज कितीतरी अवघड होतो.

इंग्रजीतही Chavan करायचं नानांनी ठरवलं, तर राजपत्र लागेल. महाराष्ट्रात नावातल्या बदलाची जाहिरात शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापली जाते. अर्ज शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन करता येतो. अल्पवयीन मुलांसाठी पालक अर्ज करतात. जुनं नाव लिहिताना आजच्या कागदावर जसं छापलंय तसंच लिहायचं, कारण राजपत्र म्हणजे जुन्या आणि नव्या नावामधला पूल. त्यात जे जुनं रूप नाही, त्याला तो पूल लागू पडत नाही.

राजपत्रात नाव आलं म्हणजे कागद आपोआप बदलले असं होत नाही. तो फक्त पुरावा आहे, तो घेऊन एकेका दारी जायचं. नानांच्या बाबतीत पहिलं दार रेकॉर्ड ऑफिसचं. पेन्शनच्या कागदावर जुनं नाव असताना आधार आणि बँक खातं आधी बदललं, तर हयातीच्या दाखल्याच्या वेळी नाव जुळणार नाही आणि पेन्शन अडकू शकते. म्हणून राजपत्र, मग रेकॉर्ड ऑफिस, पेन्शनच्या नोंदीत बदल दिसल्यावर आधार, त्यानंतर पॅन आणि बँक. बायकोमुलांच्या नोंदीही त्याच रेकॉर्डमध्ये असतात, त्या सोबतच बदलून घ्यायच्या.

अकरावीतल्या मुलीचं दहावीचं प्रमाणपत्र Chauhan राहील. तिनं नाव बदललं तर राजपत्राची प्रत तिला आयुष्यभर त्या प्रमाणपत्राला जोडावी लागेल. तिला विचारून ठरवावं. आहे तेच ठेवलं तरी चालतं, फक्त तिच्या आधारचं मराठी 'चव्हाण' करून घ्यावं.

अनेक जण इथे स्टॅम्प पेपरवर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करून मोकळे होतात. बँकेत किंवा वारसाच्या दाव्यात ते उपयोगी पडतं. पण त्यानं नाव बदलत नाही, आणि ते एका माणसाच्या दोन नावांबद्दल असतं. आप्पा आणि नाना भाऊ आहेत हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी वंशावळ, सातबाऱ्यावरची वारस नोंद आणि दोघांच्या शाळेच्या दाखल्यांवरचं वडिलांचं नाव हेच कामाला येतं.

नवं बाळ, नवी सून

आता सातव्या महिन्याकडे. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा मुख्य पुरावा आहे. शाळा, आधार, पासपोर्ट, मतदार यादी सगळं त्यावरून पुढे जातं. पूर्वी पहिला कागद शाळेचा असायचा, आता तो दवाखान्यात तयार होतो, आणि फॉर्म भरताना बाप बहुतेक वेळा औषधाच्या दुकानात असतो.

म्हणून प्रसूतीसाठी भरती होताना आईवडिलांच्या आधारच्या प्रती फाइलमध्ये असू द्या आणि वर एका कागदावर आडनाव दोन्ही लिप्यांत लिहा. बाळाचं नाव ठरलेलं नसेल तर घाई नाही. नावाशिवाय जन्मनोंद होते आणि पहिल्या 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. पण आईवडिलांचं आडनाव मात्र पहिल्याच दिवशी लिहिलं जातं. ते चुकलं तर निबंधक दुरुस्ती करतो, तीही मूळ नोंद न खोडता समासात नोंद करून. दाखला हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचावा.

लग्न होऊन येणाऱ्या मुलीनं सासरचं आडनाव लावायचं ठरवलं, तर तिचं स्पेलिंग नवऱ्याच्या आधारप्रमाणे घ्यावं, घराच्या ठरावाप्रमाणे नाही. तात्यांच्या मुलाचं लग्न होईल तेव्हा तो Chavhan असेल तर त्याची बायकोही Chavhan. आणि तिनं माहेरचंच नाव ठेवलं, तर हा सगळा प्रश्न तिच्यापुरता उद्भवतच नाही.

घरात जे ठरलं ते एका पानावर लिहून ठेवावं. त्यात इतकंच पुरे: मराठीत सगळ्यांचं 'चव्हाण'. इंग्रजीत नव्या जन्मनोंदींना Chavan, जिथे वडिलांचं स्पेलिंग Chavan आहे तिथे. बाकीच्यांचं आज काय आहे, नावानिशी. कोणाच्या नावाचं राजपत्र निघालं असेल तर त्याची तारीख. खाली आजोबांपासूनची वंशावळ. या पानाला कायद्यानं किंमत नाही, पण पुढच्या वेळी जात पडताळणीचा अर्ज भरताना कोणत्या भावाचा कोणता कागद जोडायचा, हे त्यावरून पाच मिनिटांत कळतं. त्याचा फोटो ग्रुपवर टाकताना आधार क्रमांक मात्र त्यात नसावेत.